एक क्विंटल तांदूळ नेमका कितीला पडतो? धान, उतारा, कणी आणि तुसाचा हिशोब

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या एखाद्या छोट्या राईस मिलवाल्याला विचारा, तांदूळ कितीला पडतो? बहुतेक वेळा उत्तर असं येतं: "धान पंचवीसशेचं घेतलं, उतारा 66 चा आहे, म्हणजे अडतीसशेच्या आसपास पडतो." उतारा 66 चा म्हणजे 100 क्विंटल धानातून 66 क्विंटल तांदूळ. 2,500 ला 0.66 ने भागलं की 3,788 येतात, तेवढाच हा हिशोब. यात वीज नाही, हमाली नाही, आणि 66 क्विंटलमधली कणी अख्ख्या तांदळाच्या भावाने धरलेली आहे. दुसरा कोणी म्हणेल, "कणी, कोंडा, तूस विकून मिलचा खर्च निघतो, तो धरायचाच कशाला?" दोन्ही उत्तरांत थोडं थोडं खरं आहे, पण दोन्हींवरून धान कितीला घ्यावं हे ठरवता येत नाही. आणि मिलचा नफा-तोटा ठरतो तो धान घेतानाच.

म्हणून हा हिशोब एका उदाहरणावर पूर्ण करून पाहू. 100 क्विंटल साधं, न उकडलेलं धान घेऊ. कोकणात यालाच भात म्हणतात, हिशोब तोच. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये होता. आपण खुल्या बाजारातला 2,500 रुपये भाव धरू. पुढचे बाकीचे भाव आणि खर्चही समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तिथे तुमच्या गावचे आकडे घाला, पद्धत बदलणार नाही.

आधी वजन, मग पैसे

मिलमध्ये धान आधी चाळणीतून जातं. माती, काडी, खडे, पोचट दाणे बाजूला होतात. मग रबर रोलच्या शेलरमध्ये तूस निघतं आणि तपकिरी दाणा उरतो. पॉलिशरमध्ये त्याच्या अंगावरचा थर खरवडला जातो, तो कोंडा. शेवटी ग्रेडरमध्ये अख्खा दाणा आणि तुटलेला दाणा वेगळे होतात. तुटलेला दाणा म्हणजे कणी, आपल्याकडे पूर्व विदर्भात कनकी.

आपल्या 100 क्विंटलमधून हे निघालं असं धरू:

| काय निघालं | क्विंटल |
|---|---|
| अख्खा तांदूळ | 54 |
| कणी | 12 |
| कोंडा | 8 |
| तूस | 22 |
| घट (ओल, माती, काडी, धूळ) | 4 |
| एकूण | 100 |

शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. बेरीज 100 झालीच पाहिजे. ती होत नसेल तर पुढचा कुठलाही आकडा विश्वासाचा नाही. बऱ्याच मिलांमध्ये फक्त तांदूळ आणि कणी तोलतात, तूस ट्रॉलीच्या अंदाजाने जातं आणि कोंडा पोत्यांवर मोजतात. मग धान कमी आलं होतं, तुसाबरोबर तांदूळ उडाला की कोंड्यात गेला, हे कधीच कळत नाही.

तोलल्यावर हे आकडेच तुमच्याशी बोलायला लागतात. तूस 22 च्या जागी 25-26 भरलं, तर एक तर धानात अर्धवट भरलेले दाणे जास्त आहेत, नाहीतर पंख्याचा वारा जोरात असल्याने तुसाबरोबर दाणा बाहेर पडतो आहे. तुसाच्या ढिगातलं ओंजळभर तूस सुपात पाखडलं की लगेच समजतं. कोंडा 8 च्या जागी 10 भरला आणि तांदूळ तेवढाच कमी झाला, तर पॉलिश जास्त होतं आहे. तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं, पण चार हजारांच्या वरचा माल कोंड्याच्या भावाने जातो.

खर्चाची बाजू

धान 100 क्विंटल, 2,500 रुपयांनी, म्हणजे 2,50,000 रुपये. बाजारातून मिलपर्यंतची हमाली, तोलाई, वाहतूक क्विंटलला 60 रुपये धरली तर 6,000. भरडाईचा खर्च, म्हणजे वीज, मजुरी, रबर रोल आणि चाळण्यांची झीज, दुरुस्ती, यंत्राचा घसारा, धानाच्या क्विंटलमागे 120 रुपये, म्हणजे 12,000. एकूण 2,68,000 रुपये.

इथे एक गफलत नेहमी होते. भरडाईचा 120 रुपये खर्च धानाच्या क्विंटलवर आहे की तांदळाच्या, हे नीट ठरवलेलं नसतं. धानाच्या क्विंटलवरचे 120 रुपये अख्ख्या तांदळाच्या क्विंटलवर 222 रुपये होतात. म्हणून माझा आग्रह असा की हिशोब संपेपर्यंत सगळे आकडे 100 क्विंटल धानाचेच ठेवावेत, आणि भागाकार अगदी शेवटी, एकदाच करावा.

धान हंगामात घेऊन उन्हाळ्यात भरडत असाल, तर मधल्या महिन्यांचं व्याजही यातच मिळवावं लागतं. पैसे स्वतःचे असले तरी.

कणी, कोंडा, तूस: उत्पन्न की खर्चातली वजावट?

मिल चालते ती तांदळासाठी. कणी, कोंडा, तूस त्याच कामात आपोआप निघतात, त्यांना टाळता येत नाही. अशा मालाला हिशोबात उपउत्पादन धरतात आणि त्यासाठी वेगळा खर्च मांडत नाहीत. त्यांच्या विक्रीतून हातात जे पडतं ते एकूण खर्चातून वजा करायचं आणि उरलेला सगळा खर्च अख्ख्या तांदळावर टाकायचा.

"हातात जे पडतं" म्हणजे विक्रीच्या भावातून पोतं, दलाली, भरणावळ आणि आपण देत असलेलं भाडं वजा करून राहिलेली निव्वळ रक्कम. कणी 2,260 ने विकली आणि पोतं-दलालीत 60 गेले, तर धरायचे 2,200. आपल्या उदाहरणात कणीचे 12 क्विंटल, 2,200 ने 26,400 रुपये होतात. कोंडा 8 क्विंटल, निव्वळ 1,600 ने 12,800 रुपये. तूस 22 क्विंटल, निव्वळ 250 ने 5,500 रुपये. एकूण वजावट 44,700 रुपये.

आता सूत्र साधं आहे:

(एकूण खर्च − कणी, कोंडा, तुसाची निव्वळ किंमत) ÷ अख्ख्या तांदळाचे क्विंटल

2,68,000 वजा 44,700 म्हणजे 2,23,300. त्याला 54 ने भागलं की 4,135 रुपये. हा मिलमधला सुटा भाव झाला. नवीन पोतं, शिलाई आणि भरणावळीचे 40 रुपये फक्त विकायच्या तांदळावर पडतात, ते भागाकारानंतर मिळवायचे. 4,175 रुपये क्विंटल, मिलच्या दारात.

सुरुवातीचा "अडतीसशे" आणि हे 4,175 यांतलं अंतर पावणेचारशेहून जास्त आहे. चार हजारांनी तांदूळ विकून दोनशे रुपये सुटले असं समजणारा माणूस इथे प्रत्यक्षात क्विंटलमागे पावणेदोनशे घालवत असतो.

66 ने का भागायचं नाही

कणीही तांदूळच आहे, मग 66 ने का भागू नये, हा प्रश्न रास्त आहे. करून पाहू. कणी वजावटीतून काढली तर वजावट फक्त कोंडा आणि तुसाची, 18,300 रुपये. 2,68,000 वजा 18,300 म्हणजे 2,49,700. भागिले 66, म्हणजे 3,783 रुपये. या पद्धतीने अख्खा तांदूळ 3,783 ला पडला, आणि कणीही 3,783 ला. पण कणी विकते 2,200 ने. कागदावर कणीत क्विंटलमागे दीड हजाराहून जास्त तोटा दिसतो आणि तांदळात फुगलेला नफा. दोन्ही खोटे. यावर विसंबून तांदूळ स्वस्तात विकला, तर तोटा खरा होतो.

मात्र कणीला नेहमीच उपउत्पादन म्हणावं असंही नाही. सुगंधी किंवा बारीक तांदळाची मोठी कणी स्वतःच्या नावाने, बऱ्या भावात विकली जाते. तिथे तिला तांदळाबरोबरचं जोडउत्पादन धरून खर्च विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटणं जास्त न्याय्य आहे. आपलंच उदाहरण घेऊ. अख्खा तांदूळ मिलमध्ये सुटा 4,400 ने जातो असं धरलं तर त्याचं मूल्य 2,37,600 आणि कणीचं 26,400. प्रमाण बरोबर 90 आणि 10 चं. 2,49,700 चा 90 टक्के भाग 54 वर वाटला की 4,162 रुपये येतात. उपउत्पादन पद्धतीने 4,135 आले होते. फरक 27 रुपयांचा. साध्या धानासाठी, जिथे कणीचा वाटा विक्रीमूल्याच्या दहाव्या भागाएवढाच आहे, तिथे उपउत्पादनाची पद्धत सोपी आहे आणि पुरेशी अचूकही. एकूण नफा दोन्हींत तेवढाच राहतो. बदलतं ते फक्त कोणत्या मालाच्या खात्यावर किती खर्च दिसतो हे.

सरकारी 67 टक्के आणि आपले 54

शासनाचं हमीभावाने घेतलेलं धान भरडायला मिळतं, तेव्हा मिलवाल्याने 67 टक्के अरवा, म्हणजे न उकडलेल्या धानाचा, तांदूळ परत द्यायचा असतो. उष्ण्यासाठी, म्हणजे उकडलेल्या धानाच्या तांदळासाठी, हे प्रमाण 68 आहे. हा 67 चा आकडा इतका तोंडी बसला आहे की खासगी खरेदीतही लोक तोच धरतात.

पण त्या 67 मध्ये कणी मिसळलेली असते. अरव्याच्या सरकारी मापदंडात 25 टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आला आहे. 67 चा पाऊण भाग काढला तर 50.25 राहतात. म्हणजे 67 टक्के देणारं धान खुल्या बाजाराच्या हिशोबात 50 टक्केच अख्खा तांदूळ देणारं असू शकतं. अख्ख्या दाण्याच्या पाऊण भागापेक्षा लहान तो तुकडा, असं माप तिथे आहे. तुमच्या ग्रेडरची चाळणी वेगळ्या मापाची असेल, तर तुमचा "अख्खा" आणि शेजारच्या मिलचा "अख्खा" एक नसतो. दोन मिलांच्या उताऱ्याची तुलना करताना आधी हे विचारावं.

अख्खा दाणा तुटला की काय होतं

या सगळ्या हिशोबाचा कणा हा आहे. धान तेवढंच, भाव तोच, एकूण तांदूळही 66 च, पण 54 च्या जागी 50 अख्खा आणि कणी 12 च्या जागी 16. एकूण उतारा पाहणाऱ्याला यात काहीच बिघडलेलं दिसणार नाही.

कणीची वजावट 35,200 झाली, कोंडा-तुसासह 53,500. निव्वळ खर्च 2,14,500, भागिले 50, म्हणजे 4,290 रुपये. क्विंटलला 155 रुपये वाढले. 4,400 च्या सुट्या भावाने पहिल्या ढिगात पोतं-शिलाईच्या आधी 14,300 रुपये सुटत होते, दुसऱ्यात 5,500. चार टक्के दाणा तुटला आणि जवळजवळ दोन तृतीयांश नफा गेला.

याची मोजपट्टी अशी: एक टक्का अख्खा दाणा कणीत गेला की 4,135 चा माल 2,200 चा होतो. 1,935 रुपयांचं नुकसान, 100 क्विंटलवर. म्हणजे धानाच्या क्विंटलमागे साधारण 19 रुपये. चार टक्क्यांना 77 रुपये. ढीग पाहताना ही मोजपट्टी मनात असली, तर कुठल्या धानाला वीस रुपये जास्त देणं शहाणपणाचं आणि कुठल्याला कमी, हे तिथेच ठरवता येतं.

दाणा तुटतो तो बहुतेक वेळा मिलमध्ये येण्याआधीच तडकलेला असतो. शेतात उभं धान गरजेपेक्षा जास्त वाळलं आणि रात्री दव पडलं, की कोरडा दाणा ओल शोषतो, बाहेरचा भाग फुगतो, आतला तसाच राहतो आणि बारीक चीर पडते. कापलेलं धान कडक उन्हात पातळ थरात भरभर वाळवलं तरी हेच होतं, फक्त उलट्या दिशेने. म्हणून साधारण 20 ते 24 टक्के ओलीवर कापणी, मग हलवत, मध्ये विसावा देत वाळवणं आणि 13-14 टक्के ओलीवर भरडाई, हा क्रम सांगितला जातो. मिलमध्ये आल्यावर दोन गोष्टींनी बिघडतं: रोलमधलं अंतर फार घट्ट ठेवणं आणि एकाच फेरीत पॉलिशचा सगळा दाब देणं.

खरेदीच्या आधी मूठभर धान हाताने सोलून दाणे उजेडासमोर धरले तर आडव्या चिरा दिसतात. त्याहून खात्रीचं म्हणजे प्रत्येक मोठ्या ढिगातला थोडा नमुना छोट्या यंत्रावर भरडून अख्खा आणि तुकडा वेगवेगळा तोलणं.

ओलीचे पैसे

हमीभाव खरेदीत 17 टक्क्यांपर्यंत ओल चालते. भरडायला 14 लागते. 100 क्विंटल 17 टक्के ओलीचं धान 14 वर आणलं की किती उरतं? कोरडा माल 83 क्विंटल आहे, तो 14 टक्के ओलीवर एकूण वजनाच्या 86 टक्के असणार. 83 भागिले 0.86, म्हणजे 96.5 क्विंटल. तीन टक्के ओल, पण घट साडेतीन क्विंटल. 2,500 चं धान प्रत्यक्षात 2,590 ला पडलं. आपल्या तक्त्यातली 4 क्विंटल घट त्यामानाने वाळलेल्या धानाची आहे. ओलं धान घेतलं तर ती घट वाढवून मगच पुढे जायचं.

तुसाचा खरा भाव आणि कणीचा हलता भाव

तूस हलकं आणि फुगीर असतं. ट्रक भरतो, वजन भरत नाही. त्यामुळे विटभट्टी किंवा बॉयलर जवळ असेल तर तुसाला भाव, पन्नास किलोमीटरवर असेल तर भाड्यातच तो संपतो. गिऱ्हाईकच नसेल आणि उचलून टाकायला पैसे द्यावे लागत असतील, तर ती रक्कम वजावट नव्हे, खर्चात भर आहे. उष्णा तांदूळ करणारी मिल स्वतःचं तूस बॉयलरला जाळते. तिथे तूस विकलं असतं तर जे मिळालं असतं ते वजावटीत धरा आणि तेवढीच रक्कम वाफेच्या खर्चात लावा. एकीकडे तुसाची वजावट आणि दुसरीकडे वाफ फुकट, असं मांडलं की तांदूळ कागदावरच स्वस्त होतो.

कोंड्यात साधारण 15 ते 20 टक्के तेल असतं, त्यासाठीच त्याला भाव. पण न उकडलेल्या धानाचा कोंडा निघाल्यापासून खवट व्हायला लागतो. तेल काढणारा कारखाना जवळ नसेल तर तो खाद्याच्या कमी भावातच जातो. जुन्या हलरवर तर तूस आणि कोंडा मिसळूनच निघतात, तिथे 1,600 चा भाव धरण्यात अर्थ नाही.

कणीचा भाव मात्र दूरवर ठरतो. कोंबडीखाद्य, स्टार्च, इथेनॉल आणि निर्यात, ही तिची गिऱ्हाइकं. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्राने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मार्च 2025 मध्ये उठवली. एका अधिसूचनेने भाव हलतो आणि तुमच्या तांदळाचा खर्चही. कणी 400 रुपयांनी उतरली तर आपल्या उदाहरणात वजावट 4,800 ने घटते आणि अख्खा तांदूळ क्विंटलला 89 रुपयांनी महागतो, मिलमध्ये काहीही न बदलता. म्हणून गोदामात पडलेल्या कणीला चढ्या भावाच्या आशेने मोल लावू नये. आज विकली तर निव्वळ किती, तेच धरावं.

उलटा हिशोब: धान कितीला घ्यावं

मिलवाल्याच्या किंवा शेतकरी कंपनीच्या रोजच्या कामाचा भाग हा. तांदळाचा भाव बाजार ठरवतो, आपल्या हातात आहे ते धानाचा भाव ठरवणं.

आता समजा पोत्यासह तांदूळ 4,400 ने विकला जातो. 54 क्विंटलचे 2,37,600. त्यात कणी-कोंडा-तुसाचे 44,700 मिळवा: 2,82,300. त्यातून भरडाई आणि वाहतुकीचे 18,000, पोतं-शिलाईचे 2,160 वजा करा: 2,62,140. धानाच्या क्विंटलमागे 100 रुपये नफा हवा असेल तर आणखी 10,000 वजा. उरले 2,52,140. म्हणजे या ढिगाला 2,521 रुपयांपर्यंत जाता येईल.

नमुन्यात 50 च अख्खा निघाला असेल तर: 2,20,000 अधिक 53,500, वजा 18,000, वजा पोत्याचे 2,000, वजा 10,000. उरले 2,43,500, म्हणजे 2,435 रुपये. इथे दोन ढिगांतला फरक 86 येतो, मघाच्या 77 पेक्षा जास्त, कारण मघाशी अख्खा दाणा आपल्याला पडलेल्या 4,135 च्या भावाने मोजला होता आणि आता विक्रीच्या भावाने. खरेदी ठरवताना हाच 86 वापरायचा. आणि हे दोन भाव शेतकऱ्यालाही नमुना दाखवून सांगावेत. वेळेत कापून, हळू वाळवलेल्या धानाला क्विंटलमागे 86 रुपये जास्त मिळतात हे त्याला तराजूवर दिसलं, तर पुढच्या हंगामात वाळवण कशी करायची हे तो स्वतःच ठरवेल.